डाव्या बरगडीखाली

माझ्या मुलीला दर पावसाळ्यात डेंग्यू होतो, हे आमच्या गावात सगळ्यांना पाठ झालं होतं. श्रावण लागला की दळण घेऊन येणाऱ्या बायका गिरणीच्या दारातच विचारायच्या, "यंदा झाला का गो पोरीला?" ताप यायचा, शहापूरला रक्त तपासायचं, प्लेटलेट कमी निघायच्या. मग सलाईन. मग पपईच्या पानांचा रस. आमच्या दारातल्या पपईला पानं शिल्लक राहात नव्हती. शेजारणीच्या झाडाचीही मी ओरबाडली होती. चार-पाच दिवसांत ताप उतरायचा, मुलगी उठून मैदानावर जायची आणि मी पुन्हा गिरणीत.

दुसऱ्या वर्षी काउंट फार खाली गेला म्हणून कल्याणच्या एका दवाखान्यात प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. संध्याकाळी काउंट जेमतेम हलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तिथे. तिथले डॉक्टर म्हणाले, होतं असं. मीही म्हटलं, होत असेल. मुलगी बरी होती ना, मग झालं.

तिसऱ्या वर्षी शहापूरला एक नवीन डॉक्टर आले होते. तरुण, कमी बोलणारे. मी सवयीने जुन्या रिपोर्टांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "ताप नसताना कधी काउंट काढलाय?"

"ताप नसताना कशाला काढू?" मी म्हटलं. "बऱ्या माणसाचं कोण रक्त काढतं?"

त्यांनी मुलीला झोपवलं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हात ठेवला आणि तिला मोठा श्वास घे म्हणाले. हात जरा वर सरकवला, पुन्हा श्वास. असं करत हात तिरका डावीकडे जायला लागला. बेंबीपाशी थांबला. त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. आत काहीतरी होतं. कडक, सपाट, कडेला एक खाच असलेलं. श्वासाबरोबर ते खाली यायचं आणि वर जायचं.

"ही पानथरी, प्लीहा म्हणतात ती," ते म्हणाले. "डाव्या बरगडीखाली असते. हाताला लागतच नाही एरवी. ही बेंबीपर्यंत आलीय."

मग विचारायला लागले. जेवण कसं? मुलगी अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायची, मला वाटायचं वजन सांभाळते. डाव्या बाजूला जड वाटतं का? "वाटतं," मुलगी म्हणाली, माझ्याकडे न बघता. कधी रक्ताची उलटी, काळी शौचाला? नाही. मार लागला की काळंनिळं होतं? मी म्हटलं, "कबड्डी खेळते ती. काळीनिळी नाही तर कशी असणार?"

महिनाभराने, ताप नाही, सर्दी नाही, मुलगी टुणटुणीत, तेव्हा पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. प्लेटलेट चोपन्न हजार. दीड लाख तरी हवेत. पांढऱ्या पेशी कमी, हिमोग्लोबिन कमी. म्हणजे तीन वर्षं आम्ही तापाच्या नावाने जे शोधत होतो ते तापात नव्हतंच. डेंग्यूत पडलेल्या प्लेटलेट आठवडाभरात वर येतात. हिच्या कधी वर येतच नव्हत्या. आम्ही फक्त तापातच बघत होतो.

सोनोग्राफी झाली. यकृत चांगलं. पानथरी दुपटीहून मोठी. आणि आतड्यांचं, पानथरीचं रक्त यकृताकडे नेणारी जी मोठी शीर असते ती बंद. तिच्या जागी बारीक शिरांचा गुंता.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. पानथरी रक्त गाळते, जुन्या झालेल्या लाल पेशी मोडीत काढते, प्लेटलेटचा थोडा साठा नेहमीच तिच्यात असतो. पण पुढची वाट बंद झाली की रक्त मागे तुंबतं. तुंबून तुंबून ती फुगते. फुगली की तिच्यात जास्त पेशी अडकतात आणि जास्त मोडतातही. हाडांच्या आत रक्त तयार होतंय, कमी होत नाही. पण बाहेर फिरायला उरतंच थोडं.

मी घरी आल्यावर नवऱ्याला हे सांगितलं ते माझ्या पद्धतीने. नवरा भिवंडीला गोदामात आहे, त्याला गाड्यांचं पटकन कळतं. म्हटलं, "मुरबाडच्या डेपोत बघा. गाड्या आहेत, ड्रायव्हर आहेत, पण फाटकातून बाहेर पडायला वाट नाही. स्टॉपवर उभा असलेला माणूस म्हणणार, गाड्याच नाहीत. सरकारने दहा नव्या पाठवल्या तरी त्या पण आत जाऊन उभ्या."

"म्हणून ते प्लेटलेट चढवल्याचा उपयोग नाय झाला?"

"म्हणूनच."

तो म्हणाला, "मग डेपोच काढायचा?"

"तेच म्हणतायत."

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे घशातून नळी घालून अन्ननलिका बघितली. तिथल्या शिराही फुगलेल्या, कारण अडलेलं रक्त आपली वाट शोधतंच. काहींना बारीक रबरी कड्या घालून बांधल्या, फुटू नयेत म्हणून. कमरेच्या हाडातून नमुना घेतला. त्यात पेशी भरपूर, कारखाना जोरात चालू. मग सर्जननी सांगितलं: पानथरी काढायची आणि तिची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडून द्यायची, म्हणजे अडलेल्या रक्ताला दुसरी वाट मिळेल. त्याआधी लसी घ्यायच्या, कारण पानथरी गेली की काही जंतूंशी लढणारं माणूस कमी होतं. लसी लागू व्हायला काही आठवडे. शिवाय ऑपरेशनची यादी लांब.

"तोपर्यंत कबड्डी बंद," सर्जन म्हणाले. "मोटारसायकलवर खडबडीत रस्त्याने फिरणं बंद. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. पोटावर मार बसला आणि ही फुटली तर आत रक्त सुटेल, आणि ते थांबवायला प्लेटलेट बाहेर नाहीत. शहापूरहून इथवर यायला वेळ मिळणार नाही."

त्यांनी आणखी एक विचारलं: जन्मल्यावर नाळ पिकली होती का?

पिकली होती. माझी आई मुरबाडकडची; बाळंतपणाला मी तिच्याकडेच होते. तिने चिंधीची राख खोबरेल तेलात कालवून लावली होती, जशी तिच्या सगळ्या लेकरांना लावली तशीच. आठवडाभर बेंबीला पू होता. डॉक्टर म्हणाले, कधीकधी तिथून ती शीर सुजते आणि बंद होते, पण बऱ्याच मुलांत कारण सापडतच नाही, हिचं तेच असेल असं कुणी सांगू शकणार नाही. आईने फोनवर विचारलं, "कशानं झालं गो?" मी म्हटलं, "डॉक्टरांनाबी ठाम माहीत नाय." यात काही खोटं नव्हतं. तिला ऐंशीच्या घरात राख आठवायला लावून मला काय मिळणार होतं?

खरी कटकट मुलीची होती. भातकापणी झाली की आमच्याकडे शेतात मैदानं पडतात आणि कबड्डीचे सामने सुरू होतात. मुलगी आमच्या मंडळाची चढाईपटू. तिला त्या हंगामात जिल्ह्याच्या निवडीची आशा होती, आणि तिला काहीही होत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट. दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. पळायला सोडली तर ती अजून सगळ्यांच्या पुढे होती.

"मला काय होतंय सांग ना," ती म्हणायची. "कुठे दुखतंय?"

"दुखेल तेव्हा सांगायला राहशील तर."

"तू नेहमी असंच बोलतेस."

मी तिचे बूट गिरणीत, पट्ट्यामागे ठेवून दिले. ती अनवाणी सराव करायला गेली. मी मैदानावरून ओढून आणली. पुढचे काही आठवडे असेच गेले. गिरणी चालू असायची आणि माझे कान रस्त्याकडे. दळणात लक्ष नसायचं. एकीच्या ज्वारीत दुसरीचे तांदूळ पडले, ती म्हणाली, "ताई, भाकरी थापू की घावन घालू?" सगळ्या हसल्या, मीही हसले, पण माझा डोळा दारावरच.

मंडळाची माणसं वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. शिकवणारे सर स्वतः जुने खेळाडू, आता काळी-पिवळी जीप चालवतात. एका संध्याकाळी ते मंडळातली पाच-सहा पोरं घेऊन दारात आले. "वहिनी, आपण पोरांच्या प्लेटलेट देऊ. सगळे तयार आहेत. पाहिजे तेवढ्या. काउंट वर आला की पोरगी मोकळी."

मी त्यांना चहा दिला आणि डेपोची गोष्ट पुन्हा सांगितली. पोरांनी मान हलवली. सरांनीही हलवली. पण मला दिसलं की त्यांच्या डोक्यात एकच आकडा बसलाय. प्लेटलेट कमी म्हणून खेळायचं नाही, म्हणजे प्लेटलेट वाढल्या की खेळायचं. तीन वर्षं आम्हीच सगळ्यांना तेच शिकवलं होतं. ताप, काउंट, रस, काउंट, मैदान. पोरीलाही.

एका रविवारी सकाळी गिरणीवर नेहमीची गर्दी. एक बाई डबा पुढे सरकवत म्हणाली, "आज गेली नाय तू बघायला? सरांच्या जीपमध्ये बसली की पोरगी. मुरबाडला."

"आजीकडे गेलीय ती," मी म्हटलं. सकाळी मला तसं सांगून गेली होती.

"आजीकडे खेळायचा ड्रेस घालून?"

मी मोटर बंद केली. बायका ओरडायला लागल्या, माझं अर्धंच झालंय, माझं सुरू पण नाय झालं. मी म्हटलं, डबे इथेच ठेवा, संध्याकाळी या. अंगावरचं पीठही झटकलं नाही. सापगावच्या फाट्यावर उभी राहिले. एसटी येईना. एक टेम्पो आला, त्यात भाजीच्या क्रेटवर बसून मुरबाडला गेले. रस्ता आहे तसाच, खड्डे चुकवत. मी प्रत्येक खड्ड्याला त्या जीपचा विचार करत होते, पोरगी पुढे बसली असेल की मागे.

मैदान शोधावं लागलं नाही. गावाबाहेर कापलेल्या शेतात लाऊडस्पीकर चालू होता. सामना सुरू होता. माझी मुलगी चढाईला जायला मधल्या रेषेवर उभी, कमरेला ओढणी घट्ट गुंडाळलेली. पट्टा बांधला की आतलं हलणार नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

मी सरळ मैदानात शिरले.

पंचांनी शिट्टी मारली. "ओ मावशी, लाईनच्या बाहेर!" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मावशीला चढाई करू द्या!" हशा झाला. मुलगी मला बघून पांढरी पडली, आणि लगेच लाल. "आई, जा ना गो," दातांतून म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू दे."

सर धावत आले. हातात कागद. "वहिनी, रागवू नका. हा बघा. चोपन्नचे एक्काहत्तर झालेत. परवाच शहापूरला काढलाय. रस घेत होती बिचारी, तुम्हाला न सांगता."

मी कागद बघितला. एक्काहत्तर हजारच होते. पुढे मुंबईच्या डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, एवढं वरखाली होतच असतं, पानथरी तेवढीच आहे. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. क्षणभर मलाच वाटलं, वाढलेत की.

"सर," मी म्हटलं, "आकडा वाढला. पोटातला गोळा कमी झाला का?"

"गोळा दिसत तर नाय..."

"आणि मी बोनसचा पॉइंट घेऊन परत येणार," मुलगी मध्येच म्हणाली. "अंगाला हातसुद्धा लावू देणार नाय कुणाला. आजवर मला किती जणींनी धरलंय?"

यावर समोरच्या संघातून उत्तर आलं. त्यांची एक दांडगी मुलगी होती, मध्यरक्षक, दंड माझ्यापेक्षा जाड. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आज धरणार आहे. कंबर पकड. मागच्या वर्षीचं बाकी आहे तुझं."

ती हे चेष्टेने म्हणाली. मी तिच्याकडे गेले. "ये बाळा," म्हटलं. "कुठे धरणार ते दाखव." तिला काही कळेना. मी दोघींना धरून खेळाडूंसाठी बांधलेल्या कनातीच्या आत नेलं. मुलीला म्हटलं, ओढणी सोड. ती सोडेना. मीच सोडली. त्या मुलीचा हात धरला आणि ड्रेसच्या वरूनच डाव्या बरगडीखाली ठेवला. "आता मोठा श्वास घे," मी माझ्या पोरीला म्हटलं. ती घेत नव्हती. पण किती वेळ नाही घेणार?

त्या दांडग्या मुलीने हात झटकून मागे घेतला, जसा काही चटका बसला. मग पुन्हा स्वतःहून ठेवला, हळू. "हे काय आहे?"

"पानथरी. फुगलीय. यावर तुझी पकड बसली तर ती फुटेल. आतल्या आत रक्त जाईल. इथून ठाण्याला पोचायच्या आत."

"आणि हिनं मला सांगितलं नाय?" ती माझ्या मुलीकडे वळली. आवाज चढला. "अगं येडे, मी तुला धरणार होते! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की आज हिला आडवी करणार. मी जन्मभर काय केलं असतं?"

माझी मुलगी सुटलेली ओढणी गोळा करायला लागली. माझ्या बोलण्याला तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं.

ती मुलगी बाहेर गेली आणि पंचांना म्हणाली, "हिला आमच्यातलं कोणी धरणार नाय." पंच म्हणाले, असं कसं, नियम आहे. ती म्हणाली, "नियम असू दे. ती आली की आम्ही बाजूला उभ्या राहणार. घेऊ दे पॉइंट." तिच्या संघातल्या बाकीच्या आधी हसल्या, मग तिचा चेहरा बघून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

माझी मुलगी कनातीच्या तोंडाशी उभी होती. तिने ऐकलं. धरायलाच कोणी नसेल तर चढाई कसली? तिने पाठीवरचा नंबर काढला. टाचण्या एकेक करून काढल्या आणि सरांच्या हातात दिला. सर नंबराकडे बघत राहिले. मग तो रिपोर्ट त्यांनी घडी करून खिशात घातला आणि बदली खेळाडूला हाक मारली. सामना आम्ही हरलो, असं नंतर कळलं.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली आणि माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. मी संध्याकाळी गिरणी उघडली, राहिलेली दळणं केली. घरात आमच्या दोघींचं बोलणं 'जेव' आणि 'नको' एवढंच राहिलं. नवरा म्हणायचा, "पोरगी रुसलीय, जरा समजव." मी म्हटलं, रुसलेली चालेल. मैदानावर ती पुन्हा गेली नाही, याकडे मी लक्ष ठेवून होते. एकदा सरांची जीप दाराशी थांबली तेव्हा मी चपला घातल्या होत्या. ते लसीच्या तारखेला मुंबईला कोण नेणार एवढंच विचारायला आले होते. नेलंही त्यांनीच, तिला मधल्या सीटवर बसवून, सापगावच्या पुलापासून गाडी इतकी हळू की मागचे हॉर्न वाजवत होते.

थंडी सरता सरता ऑपरेशनची तारीख मिळाली. त्या सकाळी सर्जननी सांगितलं की प्लेटलेटच्या पिशव्या तयार आहेत, पण लगेच देणार नाहीत. आधी पानथरीकडे जाणारी धमनी बांधणार, मग गरज पडली तर. आधी दिल्या तर तीच खाऊन टाकेल. मला बरं वाटलं. डेपोचं फाटक यांना माहीत होतं.

दुपार उलटून गेल्यावर एक डॉक्टर दाराशी आले आणि नातेवाइकांना हाक मारली. ट्रेमध्ये पानथरी होती. दाखवायची पद्धत आहे त्यांची. नवऱ्याने मान फिरवली. मी बघितली. जांभळट, चकचकीत, दोन्ही हातांत धरावी लागेल एवढी, कडेला ती खाच. तीन वर्षं मी जिला पपईचा रस पाजत होते ती ही. "वजन किती?" मी विचारलं. किलोच्या वर, ते म्हणाले. पोरीच्या पोटात जेवणाला जागा कुठून राहणार होती?

दुसऱ्याच दिवशी प्लेटलेट लाखावर गेल्या. आठवड्यात चार लाखांच्याही पुढे, आणि आता डॉक्टरांना उलटी काळजी, फार वाढून गुठळी होऊ नये याची. जोडलेली शीर उघडी आहे का ते सोनोग्राफीत बघितलं. उघडी होती. मला पुन्हा पुन्हा बजावलं: यापुढे ताप आला तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि पानथरी काढलीय हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ते मी कागदावर लिहून तिच्या बॅगेत, माझ्या पाकिटात आणि गिरणीच्या भिंतीवर लावलंय.

टाके काढायच्या आदल्या दिवशी मी तिला पेज भरवत होते. तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः संपवली. मग रिकामी वाटी पुढे केली.

"अजून आहे?"

मी वाढली. ती खाता खाता म्हणाली, मुरबाडच्या दिवसापासून पहिलं सरळ वाक्य, "डॉक्टर म्हणाले सहा महिने कबड्डी नाही. मग बघू म्हणाले."

"हो."

"सहा महिने म्हणजे ऐन पावसाळा. पावसात कुठे सामने असतात?"

"मग बरंय की. तुझं काही बुडत नाही."

ती हसली, लगेच पोट धरून कळवळली. "हसवू नको ना, टाके दुखतात."

"खा," मी म्हटलं. "गार होतेय."